रजेचा अर्ज: तारखा, जागेवर कोण, आणि चार्ज कुणाकडं

रात्री अकरा चाळीसला व्हॉट्सॲप वाजलं. "सर नमस्कार, झोपला असाल तर माफ करा. आमच्या मिसेसच्या मामांकडं वास्तुशांत आहे. खरं तर ती मागच्याच महिन्यात व्हायची होती, पण फरशीवाल्यानं घोळ घातला..." मेसेज तसाच खाली खाली जात राहिला. फरशीवाला झाला, मामांचं बायपास झालं, पुण्याची आत्या येणार की नाही तेही झालं. मी शेवटपर्यंत वाचला. तारीख कुठंच नव्हती. शेवटी एवढंच, "तर सर, तेवढं ॲडजस्ट करून घ्या."

काय ॲडजस्ट करू? कधी? कुणाला बसवू?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात मी अकाउंट्स सांभाळतो. विभागातल्या माणसांच्या रजा माझ्याच सहीनं पुढं जातात. अर्ज हातात आला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो कारणाचा नसतो. हा माणूस नसताना कुठलं काम माझ्या टेबलावर येऊन पडणार, एवढंच मी बघत असतो. त्याचं उत्तर अर्जातच असलं की सही करायला अर्धा मिनिट पुरतो. नसलं की मी "बघू" म्हणतो. हे "बघू" म्हणजे नकार नसतो. मला अजून विचार करावा लागणार आहे आणि आत्ता वेळ नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट एक अर्ज मला मागं आला होता, तो मी जपून ठेवलाय. आमच्या विभागात जीएसटी, पीएफ आणि ई-वे बिलं बघणाऱ्या मुलीचा. तो अर्ज कसा तयार झाला तेच इथं सांगतो. तुमचं काम वेगळं असेल, तारखा वेगळ्या असतील. पण लिहायला बसण्याआधी तिनं जे केलं ते कुठल्याही टेबलाला लागू पडतं.

आधी कॅलेंडर, मग कागद

तिला गुरुवार 9 जुलै ते मंगळवार 14 जुलै रजा हवी होती. लिहायच्या आधी तिनं टेबलावरचं कॅलेंडर पुढ्यात घेतलं आणि त्या सहा चौकोनांत, शिवाय आधीच्या आणि नंतरच्या एकेका चौकोनात, काय काय येतंय ते पेन्सिलीनं मांडलं. हा एकेक जास्तीचा चौकोन फार महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक रजेच्या दिवसांतलीच कामं बघतात आणि परतीच्या दिवशी अडकतात.

आमच्या टेबलाचा महिना साधारण असा असतो. 7 तारखेपर्यंत पगार आणि टीडीएस. 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे मागच्या महिन्याच्या विक्रीचं रिटर्न. 15 ला पीएफ आणि ईएसआय. 20 ला जीएसटीआर-3बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. हे झालं आमच्यासारख्या दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं. तिमाहीवाल्यांचं वेळापत्रक निराळं.

तिच्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या तर दोन ठिकाणी गाठ बसत होती. 11 जुलै सरळ रजेच्या मध्यात, आणि तोही शनिवार. दुसरी गाठ लपलेली होती. ती परत येणार बुधवारी 15 ला, आणि पीएफ-ईएसआयची शेवटची तारीखही तीच. कागदावर ती त्या दिवशी हजर आहे. पण सहा दिवसांनी आलेला माणूस सकाळी मेल उघडणार, चार जणांशी बोलणार, आणि दुपारी तीनला पोर्टलवर बसणार. शेवटच्या दिवशी दुपारी पोर्टल कसं चालतं हे ज्यानं चलन भरलंय त्याला सांगायला नको. म्हणून पीएफचं काम तिनं रजेच्या आधी ओढलं. पगार 7 ला झाला की 8 ला ईसीआर, म्हणजे पीएफचं महिन्याचं रिटर्न, अपलोड करून चलन तयार करता येतं. पुढं फक्त पैसे भरायचे राहतात, आणि ते तसेही बँकेतून साहेबच पास करतात.

जीएसटीआर-1 चुकला तर काय होतं हे अकाउंट्सबाहेरच्या लोकांना वाटतं त्याहून मोठं आहे. दंडाची रक्कम लहान असते. पण आपलं रिटर्न 11 च्या आत गेलं नाही, तर 14 तारखेला गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे त्याला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या यादीत, आपली बिलं दिसत नाहीत. त्याचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं, आणि त्याचा अकाउंटंट आपलं पेमेंट अडवून फोन करतो. तो फोन मला येतो. म्हणून या एका कामाचा बंदोबस्त अर्जात आहे की नाही हे मी आधी बघतो.

तुमच्या टेबलावर असं एखादं काम असणारच, जे चुकलं तर बाहेरच्या माणसाचा फोन येतो. स्टोअरमध्ये असाल तर महिनाअखेरचा स्टॉक, क्वालिटीत असाल तर गिऱ्हाइकाचं ऑडिट, शाळेच्या कार्यालयात असाल तर दाखले. ते काम आधी शोधायचं. बाकीची दहा कामं दुय्यम.

एवढं करून झाल्यावर कधीकधी लक्षात येतं की रजा दोन दिवस इकडंतिकडं केली तर निम्मा गुंता सुटतो. कार्याची तारीख हलत नसेल तर प्रश्नच नाही. पण निव्वळ गावी जायचं असेल तर 9 ऐवजी 16 ला जाणं सगळ्यांनाच सोपं. हा हिशेब तुम्ही केलेला बरा. साहेबांनी केला की तो नकारासारखा ऐकू येतो.

जागेवर कोण: आधी विचारायचं, मग नाव लिहायचं

"माझ्या गैरहजेरीत माझं काम खरेदीच्या ताई बघतील" असं वाक्य अर्जात असतं, आणि मी ताईंना विचारलं तर त्या म्हणतात, "मला कुणी सांगितलंच नाही." असे अर्ज मी परत पाठवतो. नाव लिहिण्याआधी बोलणं झालं पाहिजे, आणि "माझं जरा बघाल का" एवढंच बोलून भागत नाही. "जरा" या शब्दात काय काय येतं ते दोघांनाही ठाऊक नसतं.

त्या मुलीचं बोलणं माझ्या शेजारच्या टेबलावरच चाललं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"ताई, 9 ते 14 मी नाहीये. 11 ला जीएसटीआर-1 आहे. जूनची सगळी बिलं टाकून, जुळवून, समरीपर्यंत मी 8 ला आणून ठेवते. तुम्ही 10 ला सकाळी सरांना घेऊन बसून तेवढं फाईल कराल का?"

"एवढंच असेल तर करते. पण क्रेडिट नोटांचं मला काही विचारू नको बाई."

शेवटचं वाक्य चेष्टेत होतं, पण मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. क्रेडिट नोटा, म्हणजे आधी दिलेल्या बिलाची रक्कम कमी करणारे कागद, ताईंना जमत नाहीत, तेव्हा जूनच्या सगळ्या क्रेडिट नोटा आपण जायच्या आधीच संपवायच्या. बदली माणसाला नेमकं एक काम विचारलं की तो कुठं अडणार हेही आपोआप कळतं. "सगळं बघा" म्हटलं की तो "हो" म्हणतो आणि अडचण 10 तारखेला कळते.

दुसरं काम रोजचं होतं, ई-वे बिलाचं. माल भरलेली गाडी संध्याकाळी पाचच्या सुमाराला गेटवर उभी राहते, आणि बिलाशिवाय ती हलवता येत नाही. हे डिस्पॅचचे दादा करू शकतील असं ठरलं. अशा वेळी युजर आयडी आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायची आपल्याकडं जुनी रीत आहे. तसं करू नका. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य लॉगिनमधून सब-युजर तयार करता येतो, त्याला फक्त बिल बनवण्याचा अधिकार देता येतो, आणि कुठलं बिल कुणी बनवलं ते नंतर दिसतं. तुमच्या कामात असा वेगळा लॉगिन मिळत असेल तर रजेच्या दोन दिवस आधी तो चालू करून घ्या, आणि बदली माणसाकडून एक खरं काम तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या. दादांनी 7 तारखेला पहिलं बिल बनवलं तेव्हा ती शेजारी उभी होती. हात पाठीमागं बांधून. माऊस आपण धरला की समोरचा शिकत नाही.

बदलीला बदली असावी का? रोजच्या कामाला असावी, निदान पावसाळ्यात. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं की निम्म्या लोकांचं लक्ष आयर्विन पुलावरच्या पातळीकडं असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी आलं तेव्हा रजेवर नसलेले लोकही कामावर येऊ शकले नाहीत. तुमची बदली करणारा माणूस नदीपलीकडच्या सांगलवाडीकडून येत असेल, तर अलीकडच्या काठावर राहणाऱ्या आणखी एकाला विचारून ठेवा. अर्जात दुसरं नाव लिहायची गरज नाही. साहेबांनी विचारलं तर तोंडी सांगता आलं म्हणजे झालं.

आणि काही कामं कुणालाच द्यायची नसतात. व्हेंडरचे खातेउतारे जुळवणं पाच दिवस थांबलं तर कुणाचं काही बिघडत नाही. हे ओझं शेजाऱ्यावर लादू नका. थांबणार आहे, असं सरळ लिहा. काय होणार नाही हे आधी कळलेलं मला आवडतं. त्या यादीतलं काही थांबण्यासारखं नसेल तर मी लगेच सांगू शकतो.

तारखा लिहायची रीत

"पुढच्या आठवड्यात चार-पाच दिवस" ही तारीख नव्हे. पहिला दिवस, शेवटचा दिवस, परत कामावर येण्याचा दिवस आणि एकूण किती दिवस, या चारही गोष्टी लिहायच्या. तारखेसोबत वार लिहावा, कारण चुकीची तारीख वारावरूनच पकडली जाते. "14 पर्यंत" लिहिलं की 14 ला येणार की 15 ला यावर वाद होतो. "15 ला हजर" लिहिलं की संपला.

मध्ये रविवार येत असेल तर तो मोजलाय की नाही तेही लिहा. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 79 प्रमाणे मिळणाऱ्या हक्काच्या रजेत मध्ये किंवा टोकाला आलेली सुट्टी मोजली जात नव्हती. पण कंपनीच्या किरकोळ रजेचे नियम वेगळे असू शकतात. काही ठिकाणी दोन रजांच्या मध्ये आलेला रविवारही रजेत धरतात, त्याला लोक "सँडविच" म्हणतात. आपल्याकडं काय चालतं ते एचआरला एकदा विचारून घ्या. त्यावरून पगाराच्या दिवशी भांडण नको. रजा कुठल्या खात्यातून हवी तेही दोन शब्दांत लिहा, म्हणजे शिल्लक बघायला मला वेगळं उठावं लागत नाही.

किती आधी द्यावा? त्याच कलमात 15 दिवस आधी लेखी अर्ज करायचं सांगितलं होतं, आणि आमच्याकडची जुनी माणसं अजून तोच हिशेब धरतात. दोन-तीन दिवसांच्या रजेला आठवडा पुरतो. त्या मुलीनं सोमवारी 22 जूनला मेल टाकला, म्हणजे सतरा दिवस आधी. तोही सकाळी, साडेदहाच्या चहाआधी. पगाराच्या किंवा रिटर्नच्या दिवशी आलेला अर्ज मी वाचतो खरा, पण डोक्यात शिरत नाही.

कारण: दोन शब्द, आणि पूर्णविराम

लोक कारण लांबवतात ते भीतीपोटी. रजा मागणं म्हणजे काहीतरी चुकीचं करतोय असं वाटतं, म्हणून साक्षीपुरावे जोडत बसतात. गंमत अशी की प्रत्येक पुराव्यातून घासाघीस करायला एक नवी जागा तयार होते. वास्तुशांतवाल्या त्या गृहस्थांनाच घ्या. दुसऱ्या दिवशी तारखा कळल्यावर मी विचारलं, "कार्य रविवारी आहे ना? मग गुरुवारपासून रजा कशाला?" त्यावर त्यांनी मंडपाचं सांगितलं. मी म्हटलं, "मंडप शनिवारी घालतात." दोन शहाणी माणसं फरशी आणि मंडप यावर दहा मिनिटं बोलत होती. चूक माझीही होती, मान्य आहे. पण ते दार त्यांनीच उघडून ठेवलं होतं.

"घरचं कार्य", "घरगुती काम", "वैयक्तिक काम", "तब्येतीच्या तपासण्या", यातलं जे खरं असेल ते लिहा आणि थांबा. घरातलं आजारपण, लग्नाची बोलणी, मूल होण्यासाठीचे उपचार, भावाभावांतला वाटणीचा वाद, यातलं काहीही रजेसाठी कुणाला सांगण्याची गरज नसते. मेल तर पुढं एचआरकडं जातो, फाईलला लागतो. चहा पिताना सांगितलेली गोष्ट विसरली जाते, फाईलमधली विसरली जात नाही.

साहेबांनी तोंडी विचारलं, "काय विशेष?" तर बहुतेक वेळा ती आपुलकी असते, चौकशी नव्हे. "घरी कार्य आहे सर, मला थांबावं लागणार आहे," एवढं म्हणायचं आणि लगेच कामावर यायचं: "10 च्या फायलिंगचं ताईंशी बोलून ठेवलंय." शंभरातले नव्वद साहेब मग फायलिंगबद्दलच बोलतात.

खोटं कारण मात्र लिहू नका. सांगली ते मिरज एवढंसं तर गाव आपलं. आजी आयसीयूत आहे असं लिहून संध्याकाळी विश्रामबागला भेळ खाताना माणूस दिसतो, आणि पुढच्या वेळी त्याच्या खऱ्या आजारपणावरही कुणी विश्वास ठेवत नाही. "वैयक्तिक काम" हे खोटं नाही. ते झाकलेलं खरं आहे, आणि तेवढा हक्क प्रत्येकाला आहे.

काही रजा अशा असतात की त्यांना कारण आणि कागद दोन्ही लागतात. आजारपणाची रजा कंपनीच्या नियमाप्रमाणं ठरावीक दिवसांपुढं गेली की डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बाळंतपणाच्या रजेला तारखेचा दाखला, ईएसआयचा लाभ घ्यायचा असेल तर त्यांचे फॉर्म. तिथं कागद जोडायचा, पण वर्णन तरीही नको. "सर्टिफिकेट जोडलं आहे" पुरतं.

प्रत्यक्ष मेल

आता तो अर्ज. नावांच्या जागी मी कामं लिहिली आहेत, बाकी जवळजवळ तसाच आहे.

> विषय: रजेची विनंती, 9 ते 14 जुलै
>
> सर,
>
> गुरुवार 9 जुलै ते मंगळवार 14 जुलै मला रजा हवी आहे. रविवार वगळून 5 दिवस, हक्काच्या रजेतून. बुधवारी 15 ला सकाळी हजर असेन. कारण: घरचं कार्य.
>
> जीएसटीआर-1: समरीपर्यंतचं काम 8 ला पूर्ण करते. शुक्रवारी 10 ला खरेदीच्या ताई तुमच्यासोबत बसून फाईल करतील.
>
> ई-वे बिल: डिस्पॅचचे दादा, स्वतःच्या लॉगिननं.
>
> पीएफ, ईएसआय: चलनं 8 ला तुमच्या टेबलावर देते. पेमेंटची शेवटची तारीख 15.
>
> व्हेंडरचे खातेउतारे 15 नंतर घेईन.
>
> ताई आणि दादा दोघांशी बोलणं झालं आहे. शुक्रवार 26 जूनपर्यंत मंजुरी कळवाल का? तिकिटं काढायची आहेत.

यात "उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की" नाही. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे" नाही. शाळेत शिकवलेला तो साचा आपल्या हातात इतका बसलाय की मेलमध्येही आपोआप उतरतो, आणि वाचणाऱ्याला तारखेपर्यंत पोचायला तीन ओळी लागतात. सरकारी कार्यालयात छापील नमुना असेल तर तो भरावाच लागतो, त्याला इलाज नाही. तिथं कामाच्या चार ओळी वेगळ्या कागदावर लिहून सोबत टाचा.

"मला रजा हवी आहे" हे वाक्यही बघा. "मी रजेवर जात आहे" लिहिलं असतं तर मी मनातल्या मनात म्हणालो असतो, बरं, ठरलंच म्हणा. आणि "कृपा करून द्याल का हो" लिहिलं असतं तर रजा म्हणजे माझ्या खिशातली खिरापत झाली असती. हवी आहे, आणि कळवाल का. एवढा मान दोन्ही बाजूंना पुरतो.

तिनं ताईंना 11 ऐवजी 10 ला फाईल करायला सांगितलं तेही शहाणपणाचं. शनिवारी पोर्टल अडलं तर सोमवार उजाडेपर्यंत हात बांधलेले. शुक्रवारी अडलं तर शनिवार हातात असतो.

शेवटच्या ओळीतली 26 तारीख धिटाईची वाटेल, पण मला तिचा उपयोग झाला. उत्तर कधीपर्यंत हवं ते कळलं नाही की मेल खाली खाली सरकत जातो. तरीही उत्तर आलं नाही तर 26 ला दुपारी टेबलाशी जाऊन एक वाक्य बोलायचं, "सर, 9 तारखेच्या रजेचं बघितलंत का?" तोंडी "हो" मिळालं तर त्याच मेलवर "आज बोलल्याप्रमाणे मंजुरी मिळाली, धन्यवाद" एवढी ओळ टाकून ठेवायची. महिनाअखेरीला हजेरीच्या यादीत त्या दिवसांवर बिनपगारी लागलं, तर ती ओळ कामाला येते.

आणि "14 ऐवजी 13 ला येता येईल का" असं विचारलं गेलं तर? तिथंच "हो" म्हणू नका, "नाही"ही म्हणू नका. "14 ला नेमकं काय अडतंय, सर?" असं विचारा. बहुतेक वेळा एकच काम निघतं, आणि ते दुसऱ्या कुणाला देता येतं.

चार्ज देण्याचा कागद

अर्ज साहेबांसाठी असतो, चार्जचा कागद बदली माणसासाठी. दोन्ही एकत्र करू नका. अर्जात पोर्टलच्या पायऱ्या घातल्या की तो दोन पानी होतो, मग पुन्हा "बघू".

चार्जचा कागद एका पानात बसावा आणि बदली माणसाच्या भाषेत असावा. दादांसाठी तिनं जे लिहिलं होतं ते साधं होतं, पण जिथं माणूस नेमका चुकतो तिथंच बोट ठेवलेलं. "गाडी बदलली तर नवीन बिल करायचं नाही, त्याच बिलावर पार्ट-बी अपडेट करायचा. रक्कम किंवा माल चुकला तर बिलात दुरुस्ती होत नाही. ते 24 तासांच्या आत रद्द करून नवीन करायचं, आणि रद्द केल्याचं या कागदावर लिहायचं." ई-वे बिल कसं बनवायचं ते तिनं लिहिलं नव्हतं. ते दादांनी 7 ला स्वतः बनवून बघितलेलं होतं.

कागदाच्या खाली तीन रकाने रिकामे सोडले होते: तारीख, काय झालं, काय राहिलं. आणि एक ओळ, "ई-वे बिलाचं पोर्टल बंद पडलं तरच मला फोन करा, बाकी सगळं 15 ला." फोन कधी करायचा हे लिहिलं नाही तर एक तर सारखे येतात, नाही तर गरज असतानाही येत नाहीत.

वस्तूंचं तेवढं विसरू नका. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका नोकरीत, मी दोन दिवसांची रजा टाकून पंढरपूरला गेलो होतो. काम सगळं तयार करून ठेवलेलं, फक्त साहेबांची डिजिटल सही लावायची बाकी. त्या सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन माझ्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात. मी दर्शनाच्या रांगेत असताना फोन आला. शेवटी त्यांनी सुतार बोलावून कुलूप तोडलं. परत आल्यावर कुणी काही बोललं नाही, पण ड्रॉवर तसाच उघडा ठेवला होता, मला दिसावा म्हणून. खरं तर ज्याची सही त्याच्याकडंच टोकन असायला हवं. तसं नसेल तर निदान जायच्या आदल्या दिवशी ते हातात द्या. किल्ल्या, टोकन, चेकबुक, बँकेचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो, कुरिअरवाल्याचा नंबर, हे सगळं आदल्या दिवशी दुपारी बघायचं. संध्याकाळी नव्हे. संध्याकाळी काही राहिलं तर ते राहूनच जातं.

अचानक लागली तर

वर सांगितलेलं सगळं ठरवून घेतलेल्या रजेचं. माणूस दवाखान्यात असताना कॅलेंडर मांडत बसायची अपेक्षा कुणी ठेवत नाही. तेव्हा तीन ओळी पुरतात: "सर, वडिलांना मिरजेत ॲडमिट केलंय. आज आणि उद्या येता येणार नाही. आजची ई-वे बिलं दादांना सांगितली आहेत, पुढचं उद्या संध्याकाळी कळवतो." किती दिवस लागतील हे माहीत नसताना अंदाजानं पाच दिवस लिहू नका. पुढं कधी कळवणार ते लिहा, आणि त्या वेळेला खरंच कळवा, मग सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

बाकी, ती मुलगी 15 ला सकाळी आली. जीएसटीआर-1 दहा तारखेला गेलेला होता, पीएफ भरलेला होता. दादांच्या कागदावर दोन नोंदी होत्या: एका गाडीचा नंबर बदलला, एक बिल रद्द करून नवीन केलं. ताईंच्या कागदावर एकच ओळ होती, पेन दाबून लिहिलेली: "जूनची एक क्रेडिट नोट 9 तारखेला आली. पुढच्या महिन्यात घे. मला विचारू नको म्हटलं होतं."